टेन्स लावलं की दुखणं वाढतंय. गेट उलटं उघडतं का? (मदत हवी आहे)

पहाटजागा
गेट कंट्रोल थिअरी कॉलेजात शिकलो होतो. चोळलं, हलका करंट दिला की मज्जारज्जूतलं दार बंद होतं आणि वेदनेचा निरोप वर जात नाही. हे सगळं माहीत आहे, ते परत सांगू नका. टेन्स यंत्र घेतलं. दुखतं तिथेच पॅड लावले, सेटिंग पुस्तिकेत दिल्याप्रमाणे. पाच मिनिटांत आग होते आणि काढल्यावरही तासभर राहते. दिवसा कामात असतो तेव्हा बरं असतं, रात्री आडवं झालं की सुरू. तीन रात्री झोप नाही. कोणतं सेटिंग ठेवू एवढंच सांगा.

पाठकणा
जोर कमी पडतोय. मी कंबरेसाठी दोन वर्षं वापरतोय. नुसत्या मुंग्या आल्या तर उपयोग शून्य. सहन होईल तितका वाढव, मग मोठे तंतू जागे होतात आणि बारीक तंतूंचं दार आपटून बंद होतं.

गुडघेदुखी
मला गुडघ्याला महिनाभर लावलं तरी काही फरक नाही. शेवटी मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम केले आणि त्यानेच बरं वाटलं. यंत्र विकून टाका.

भूलवाला
पहाटजागा, दुखतंय कुठे, कधीपासून, आणि कशामुळे? ते सांगितल्याशिवाय सेटिंग सांगणं म्हणजे चिठ्ठी न बघता औषध देणं. आणखी दोन प्रश्न. तिथे शर्ट घासला तर कसं वाटतं? पेसमेकर वगैरे काही बसवलेलं आहे का?

पहाटजागा
पेसमेकर नाही. उजवीकडे बरगड्यांवर, पाठीपासून पुढे छातीखालपर्यंत पट्टा. चार महिन्यांपूर्वी नागीण झाली होती, फोड केव्हाच गेले. शर्ट घासला तर करवत चालवल्यासारखं वाटतं, पण दाबून धरलं तर तेवढं नाही. हे लिहायला हवं होतं का? मला वाटलं वेदना म्हणजे वेदना.

आजीचीनात
घरात लहान मूल असेल तर जपा! नागिणीच्या फोडांतल्या पाण्यातून, ज्याला आधी झाल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. टॉवेल वेगळा ठेवा.

पहाटजागा
फोड चार महिन्यांपूर्वी सुकले हो. हे विचारलेलंच नाही.

भूलवाला
आता कळलं. पाठकणा यांचा सल्ला त्यांच्या कंबरेसाठी बरोबर आहे, तुमच्यासाठी उलटा.

१९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी काढलेल्या चित्रात स्पर्शाचे जाड तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या एका रोखणाऱ्या पेशीला चेतवतात, आणि ती पेशी वेदनेचा निरोप पुढे नेणाऱ्या पेशीला गप्प करते. ठेच लागली की आपण आपोआप अंगठा चोळतो ते यामुळेच. पण हे सगळं ती रोखणारी पेशी धड असेल तर. नागिणीत मज्जातंतू स्वतःच जखमी होतो. त्यानंतर रोखणाऱ्या पेशींचा आवाज क्षीण होतो, आणि एरवी वेदनेशी संबंध नसलेला स्पर्शाचा तंतू थेट वेदनेच्या वाटेला जोडला गेल्यासारखा वागू लागतो. म्हणून शर्टाचा हलका स्पर्श करवतीसारखा वाटतो. तुमचं यंत्र नेमके हेच जाड तंतू चेतवतं. म्हणजे तुम्ही रोज दुखऱ्या पट्ट्यावर वीजेने शर्ट घासताय! जोर वाढवला तर घासणं वाढेल.

उपाय साधा आहे. कापसाचा बोळा घ्या, लांबच्या चांगल्या त्वचेवरून हळूहळू दुखऱ्या पट्ट्याकडे फिरवत या. जिथे नुसता स्पर्श संपून चुरचुर सुरू होते तिथे पेनाने खूण करा. चारही बाजूंनी असं करा. पॅड त्या खुणांच्या बाहेर लावायचे, जिथे कापूस कापसासारखाच वाटतो. पाठीत मणक्याच्या जवळ, त्याच पातळीवर, उजवीकडे. त्या भागातले निरोप मज्जारज्जूच्या त्याच मजल्यावर पोचतात, पण दुखऱ्या त्वचेला हात न लावता. वारंवारता ८० ते १०० हर्ट्झ, जोर ठळक मुंग्या येतील पण कळ येणार नाही इतका, अर्धा ते पाऊण तास. पॅड छातीच्या पुढून मागे असे आडवे लावू नका, आणि लावून झोपू नका.

पाठकणा
म्हणजे मी म्हटलं तेच, जोर ठळक हवा.

भूलवाला
जोर ठळक हवा, जागा वेगळी हवी. अर्धे गुण देतो.

शंकासुर
एवढं मोठं रामायण कशाला? दिवसा कामात विसरतो आणि रात्री वाढतं, यावरूनच दिसतंय की मनाचे खेळ आहेत. खरं दुखणं असतं तर दिवसाही तितकंच झालं असतं. यंत्र हा प्लासिबो, बाकी काही नाही.

पहाटजागा
घरातले हेच म्हणतात आणि मला राग येतो. मी नाटक करत नाहीये.

भूलवाला
शंकासुर, लक्ष दुसरीकडे असताना दुखणं कमी होतं हे बरोबर. त्यावरून ते खरं नाही असं मात्र होत नाही. २०१२ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. स्वयंसेवकांच्या हाताला गरम करून दुखवलं आणि त्याच वेळी स्मरणशक्तीचं काम दिलं, कधी सोपं तर कधी अवघड. अवघड काम करताना दुखणं कमी वाटलं यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्याच वेळी मज्जारज्जूचं स्कॅन चालू होतं, आणि वेदनेला मिळणारा प्रतिसाद तिथेच, म्हणजे मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच, कमी झाला होता. अफूसारख्या औषधांचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिल्यावर लक्ष वळवण्याचा फायदाही बराच घटला. म्हणजे मेंदू वरून खाली आपल्याच रसायनांनी दार ओढून धरतो. मेलझॅक आणि वॉल यांनी वरून येणाऱ्या या ताब्याला चित्रात जागा ठेवली होती, फक्त तपशील त्यांना माहीत नव्हता.

पहाटजागांच्या बाबतीत दिवसा काम ते दार ओढून धरतं. रात्री खोली शांत, अंधार, करायला काही नाही, आणि "आता सुरू होणार" अशी वाट पाहणं. तो ताबाच सैल होतो. जखमी तंतू दिवसाही तितकाच बोलत असतो.

शंकासुर
वाट पाहिल्याने दुखणं वाढतं हे कुठे सिद्ध झालंय?

भूलवाला
२०११ मध्ये. रेमिफेंटॅनिल नावाचं जोरदार वेदनाशामक शिरेतून सतत सोडलं, मात्रा तीच. औषध सुरू झालंय असं सांगितलं तेव्हा आराम दुप्पट झाला. औषध थांबलंय, आता दुखणं वाढेल असं सांगितलं तेव्हा आराम नाहीसा झाला, औषध चालूच होतं तरी! हे वाचल्यापासून मी ऑपरेशननंतर पेशंटला "आता दुखेल बरं का" म्हणणं बंद केलंय.

खडू
मी एक विचारू? दुखणं "कमी" होतं म्हणजे नेमकं काय? आवाज कमी होतो की त्रास कमी होतो? माझी डोकेदुखी चांगल्या मूडमध्ये तितकीच असते, पण तिचा राग येत नाही.

भूलवाला
हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. २००३ च्या एका प्रयोगात लोकांना दुखवताना सुवास किंवा दुर्गंध दिला, आणि लक्ष कधी वासाकडे, कधी दुखण्याकडे ठेवायला सांगितलं. लक्ष दुखण्यावरून हटलं की तीव्रता कमी वाटली. वासाने मूड बदलला, पण त्यामुळे बदलला तो फक्त त्रास, तीव्रता तीच राहिली. म्हणजे दोन वेगळी बटणं आहेत, एक तीव्रतेचं, एक त्रासाचं. तुमचा चांगला मूड दुसरं बटण दाबतो.

म्हणून पहाटजागा, रोज रात्री एक आकडा लिहू नका, दोन लिहा. किती जोराचं, आणि किती छळतंय, दहापैकी. आणि एक विचारायचं राहिलं. औषध काय चालू आहे?

पहाटजागा
डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन दिली होती. तोंड कोरडं पडतं म्हणून आठवड्यापूर्वी बंद केली. त्यांना सांगितलं नाही.

भूलवाला
अहो! मग तीन रात्री झोप का नाही याचं उत्तर त्यातही असू शकतं. ती गोळी मुख्यतः मूड सुधारण्यासाठी नसते. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारी जी रोखणारी वाट आहे, तिच्यातली रसायनं ती जास्त वेळ टिकवते. शिवाय झोप आणते. परस्पर बंदही करू नका, परस्पर सुरूही करू नका. उद्याच त्यांना फोन करून कोरड्या तोंडाबद्दल सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं.

पाठकणा
मी तर गोळ्यांच्या विरोधात आहे, यंत्र हेच खरं.

गुडघेदुखी
व्यायाम.

पहाटजागा (पाच दिवसांनी)
कापसाने खुणा केल्या. पट्टा मला वाटला होता त्याहून चार बोटं रुंद निघाला, म्हणजे पॅड अगदी मधोमध लावत होतो. आता मणक्याजवळ लावतोय. डॉक्टरांनी गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू केली आहे. माझे आकडे: जुन्या जागी जोर ८, छळ ९. नव्या जागी यंत्र चालू असताना जोर ५, छळ ४. बंद केल्यावर अर्ध्या तासात जोर परत ६ ते ७, पण छळ ४ च्या वर गेला नाही. काल कापूस फिरवून खुणा पुन्हा तपासल्या, तिथल्या तिथेच आहेत.

शंकासुर
एकाच आठवड्यात जागाही बदलली, गोळीही आली. मग श्रेय कोणाला? आणि "आता बरं वाटेल" हे वाचून घेतलेलं होतंच.

भूलवाला
मान्य. चार-पाच दिवसांच्या आकड्यांवरून ते वेगळं करता येणार नाही. टेन्सच्या चाचण्यांचीही हीच अडचण आहे. खोटी गोळी हुबेहूब खऱ्यासारखी करता येते, पण खऱ्या यंत्राच्या मुंग्या जाणवतातच, त्यामुळे आपल्याला काय मिळालं हे माणूस ओळखतो. म्हणून याचे निकाल गोळ्यांच्या चाचण्यांइतके ठोस नाहीत. तरी एक लक्षात घ्या. यंत्र बंद झाल्यावर जोर वर गेला, गोळी तर तेव्हाही पोटात होती. निदान तेवढा भाग यंत्राभोवतीचा आहे, त्यात करंट किती आणि अपेक्षा किती ते मी सांगू शकत नाही.

खडू
रोज लावलं तर सवय होते का?

भूलवाला
होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत रोज त्याच वारंवारतेचा, त्याच जोराचा टेन्स दिला तर चार-पाच दिवसांत परिणाम ओसरतो. पहाटजागा, एक दिवस वारंवारता खाली आणा, ४ हर्ट्झ वगैरे, आणि तेव्हाही जागा खुणांच्या बाहेरचीच. आणि पेनाच्या खुणा आंघोळीत पुसू नका, पुढच्या आठवड्यात पट्टा अरुंद झालाय का ते त्यावरूनच कळेल.

पहाटजागा
खुणा आजच सकाळी पुसल्या गेल्या. परत करतो.