मदत हवी आहे: फंडाचा टी २.११, पण महिने एकमेकांत गुंतलेले

एका स्मॉलकॅप फंडाचे ६० महिन्यांचे परतावे तपासतोय. सरासरी १.२ टक्के, प्रमाण विचलन ४.४. प्रमाण त्रुटी ४.४/√६० = ०.५७, म्हणून टी २.११. दुहेरी चाचणीत ५ टक्के पातळीची सीमा साधारण २.००, म्हणजे सरासरी शून्य नाही असं म्हणता येतं.

पण लागोपाठच्या महिन्यांचा सहसंबंध ०.३ निघाला. या शेअर्सचे व्यवहार कमी होतात, भाव उशिरा हलतात, त्यामुळेच असावा. प्रमाण त्रुटीला √(१.३/०.७) = १.३६ ने गुणलं, तर टी १.५५ वर आला आणि निष्कर्षच उलटला! परतावे लॉगमध्ये घेऊन पाहिले, फारसा फरक नाही. जास्तीचा डेटा मिळणार नाही.

न्यूई-वेस्ट वापरायचं तर ६० महिन्यांसाठी किती लॅग घ्यावेत, आणि एवढ्या लहान नमुन्यात त्यावर विसंबता येईल का?