चटणीतल्या हिंगाचं लेबल

> 'आमच्या बचत गटाची जवसाची चटणी आयर्लंडला जाणार आहे. घटकांत हिंग आहे. इंग्रजीत नुसतं "अ‍ॅसाफोटिडा" लिहिलं तर चालेल का?'

नाही ताई, चालणार नाही. आधी हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा. आर्वीच्या बाजारात मिळणारा बहुतेक हिंग बांधानी असतो, म्हणजे त्यात गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. गहू असेल तर लेबलवर 'कंपाउंडेड अ‍ॅसाफोटिडा' आणि पुढे कंसात व्हीट फ्लोअर, गम अरॅबिक, अ‍ॅसाफोटिडा असं लिहावं लागेल. 'व्हीट' शब्द ठळक हवा. नुसतं 'ग्लुटेन' लिहून भागत नाही, धान्याचं नाव लागतंच.

हिंग चिमूटभरच असतो म्हणून सोडून देऊ नका. युरोपीय संघाच्या 1169/2011 नियमात दोन टक्क्यांहून कमी मसाला-मिश्रणाची फोड न देण्याची सवलत आहे, पण ॲलर्जीकारक घटकाला ती लागू नाही. तुमच्या फोडणीतली मोहरी आणि चटणीतले तीळ, शेंगदाणे हेही तिथल्या चौदा ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत आहेत, तेही ठळक करा. 'मे कंटेन' ही ओळ चुकून मिसळू शकणाऱ्या घटकांसाठी आहे. मुद्दाम घातलेला घटक तिथे ढकलू नका.

खरी अडचण पुढे येते. दुकानदार दुसऱ्या कंपनीचा हिंग देतो, त्यात तांदळाऐवजी गहू निघतो आणि छापलेली पाकिटं खोटी ठरतात. म्हणून एकच हिंग ठरवा आणि प्रत्येक खेपेच्या डबीचा फोटो जपून ठेवा.

साठवणुकीत 'थंड व कोरड्या जागी' पुरतं. कोरड्या चटणीला 'यूज बाय' नको, 'बेस्ट बिफोर' लिहा.