मदत हवी आहे: ‘अगदी असाच शिवा’ म्हणून दिलेला कुर्ता हात वर केला की अडकतो

रानजाई

माझा एक जुना कुर्ता आहे. चार वर्षं वापरतेय, घातलाय हे जाणवतसुद्धा नाही. तो नमुन्याला देऊन नवीन सुती कापडाचा कुर्ता शिवून घेतला. आरशासमोर उभं राहिलं तर छान दिसतो. पण वरच्या फडताळातला डबा काढायला हात वर केला आणि बगलेत काच बसला, अख्खा कुर्ता वर ओढला गेला. दोन्ही हात पुढे लांब केले की पाठीवर आडव्या चुण्या पडतात. गंमत म्हणजे दोन्ही कुर्ते एकमेकांवर ठेवले तर अगदी जुळे! मग मास्तरांची चूक म्हणायची तरी कशी?

दुकानात झालेलं बोलणं आठवेल तसं लिहिते:

मी: मास्तर, हा घ्या. अगदी असाच शिवा.
मास्तर: लांबी हीच?
मी: हीच. थोडी जास्त चालेल.
मास्तर: गळा?
मी: हाच, पण जरा वर घ्या.
मास्तर: बाही?
मी: सेम.
मास्तर: ताई, अंगावरचं माप घेऊ का?
मी: अहो, तो मापाचाच आहे की! त्यावरूनच घ्या.

लांबी एक इंच वाढली आहे, मला तीन हवी होती. गळा अर्धा इंच वर आलाय, मला दोन इंच तरी हवा होता. ते एक वेळ चालेल. पण हात वर करता येणार नसेल तर काय उपयोग? उसवून काही होईल का?

सरळसोट

शिलाई परत मागा. नमुना दिला होता ना? मग जबाबदारी त्यांची.

रानजाई

पैशांचं नंतर बघू हो. आणि नमुन्यासारखाच तर शिवलाय. मला कुर्ता वापरता यायला हवाय.

बंड्या_दोनटाके

मुंढा घट्ट झालाय, एवढंच. मुंढा खाली एक इंच खोल कापून घ्या, हात मोकळा होईल. बहिणीच्या ब्लाउजला असंच केलं होतं.

कातरवेळ

रानजाई, मुंढा अजिबात कापू देऊ नका. कापलेलं परत येत नाही. बंड्या, बगलेत नुसता काच बसत असेल, म्हणजे शिलाई खरोखर बगलेत रुतत असेल, तर थोडी खोली देऊन बरं वाटतं. बहिणीचं तसं असेल. पण हात वर केल्यावर सगळा कुर्ता वर येत असेल तर खोल मुंढ्याने तो आणखी वर येतो. बाही अंगाला जिथे जोडली आहे ती जागा बगलेपासून जितकी खाली, तितका हात उचलताना बाजूच्या कापडाला हिसका जास्त. पटत नसेल तर एखादा ढगळ, खोल मुंढ्याचा शर्ट घालून हात वर करून बघा.

रानजाई, आधी एक सांगा. जुन्या कुर्त्याचं कापड ताणलं जातं का? दोन्ही कुर्त्यांवर आडव्या दिशेने चार इंचांवर खुणा करा, हलकं ओढा आणि किती होतात बघा. मग कुर्ते टेबलावर सपाट पसरून, न ओढता, या बगलेपासून त्या बगलेपर्यंत माप घ्या. पाठीवर दोन्ही मुंढ्यांच्या शिलाईंमधलं अंतर घ्या, गळ्याच्या टोकाजवळ नाही, मुंढ्याच्या साधारण मध्यावर. अंगावरचं छातीचं माप घ्या. आणि नवा कुर्ता उलटा करून बाजूच्या शिलाईत आणि बाहीच्या शिलाईत माया किती ठेवली आहे ते बघा.

आजोबांचा_चष्मा

मी तर मोबाइलवरचा फोटो दाखवून ‘अशी पँट’ म्हणालो होतो. फोटोतला माणूस सडपातळ, मी गोलमटोल. मास्तर म्हणाले, ‘अशी होईल, पण हा माणूस कुठून आणू?’ निदान तुमच्याकडे खरा कुर्ता तरी होता.

रानजाई

:)

मापं घेतली. दोन्ही कुर्ते बगल ते बगल साडेअठरा, म्हणजे घेर सदतीस. पाठ दोन्हीची चौदा. अंगावर छाती छत्तीस. जुन्या कापडाचे चार इंच ओढले की पाच होतात! नव्याचे चारच राहतात, ढिम्म हलत नाही. बाजूंना माया पाऊण इंच आहे, बाहीच्या शिलाईत अर्धा इंच. मुंढ्याच्या शिलाईतही अर्धा.

कातरवेळ

सापडलं मग. छत्तीसच्या अंगावर सदतीसचा कुर्ता, म्हणजे लूज फक्त एक इंच. जुन्याला ते पुरतं, कारण हात हलवलात की कापड ताणून उरलेली जागा करून देतं. तुम्ही चार वर्षं जे ‘माप’ समजत होतात ते निम्मं माप आणि निम्मी कापडाची लवचीकता होती. मास्तरांनी टेप लावून पहिलं उतरवलं. दुसरं टेपवर दिसतच नाही. न ताणणाऱ्या सुती कापडात अशा कुर्त्याला मी छातीत तीन-चार इंच लूज धरते, म्हणजे तुमचा घेर एकोणचाळीस ते चाळीस.

आणखी एक. तुमच्या बोलण्यात ‘थोडी जास्त’ आणि ‘जरा वर’ हे दोन शब्द आहेत. शिवणारा अशा वेळी स्वतःचा अंदाज लावतो, आणि तो बहुतेक वेळा कमीच लावतो, कारण ग्राहक ‘एवढं कशाला बदललं?’ म्हणून भांडतो, ‘एवढंच का बदललं?’ म्हणून क्वचित. इंचात सांगायचं होतं. किंवा गळ्यावर बोट ठेवायचं, तिथे खडूची खूण करून घ्यायची.

आता दुरुस्ती. बाजूच्या शिलाईत पाऊण इंच माया आहे, त्यातली पाव तरी ठेवावीच लागेल, नाहीतर शिलाई निसटेल. म्हणजे अर्धा इंच सोडता येतो. दोन बाजू, प्रत्येकीला पुढचं आणि मागचं कापड, असे चार अर्धे म्हणजे दोन इंच. पण हे बगलेपाशी जमणार नाही. बाहीच्या शिलाईत माया अर्धाच इंच, त्यातली सोडता येते फक्त पाव. अंगाचा मुंढा बाहीपेक्षा मोठा झाला तर बगलेत चुण्या येतील. म्हणून बगलेत पाव इंचच सोडायचा, तिथून दोनेक इंच खाली उतरत उतरत अर्ध्यावर जायचं. बगलेत घेर अडतीस होईल, खाली एकोणचाळीस.

पाठीचं मात्र कठीण आहे. हात पुढे केल्यावरच्या आडव्या चुण्या म्हणजे पाठ अरुंद आहे, आणि बाजू कितीही सोडली तरी पाठीचे चौदा इंच चौदाच राहतात. बाही उसवून मुंढ्याची माया सोडली तर दोन्हीकडे मिळून जेमतेम अर्धा इंच मिळेल. पूर्ण आराम मिळेल असं मी म्हणणार नाही.

बंड्या_दोनटाके

मुंढ्याचं मान्य. पण एवढी उसवाउसवी करण्यापेक्षा बगलेत तुकडा लावला तर? जुन्या पद्धतीच्या कुर्त्यांना असायचा चौकोनी तुकडा.

कातरवेळ

आता बरोबर बोललात. उरलेलं कापड असेल तर तो सगळ्यात चांगला उपाय आहे. तीन इंचांचा चौकोन, चारी बाजूंना माया वेगळी, एक टोक बाहीकडे आणि समोरचं टोक बाजूच्या शिलाईकडे असा बसवायचा. हात वर केला की तुकडा उघडतो आणि कुर्ता जागेवर राहतो. बगलेतला घेरही वाढतो, मग तिथली माया सोडायची गरज उरत नाही. कोपऱ्यांवर शिलाई नीट पक्की करायला सांगा, तुकडा फाटतो तो तिथूनच.

रानजाई, कापड शिवायच्या आधी भिजवलं होतं का?

रानजाई

नाही. ते मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. धुतलेलाही नाही अजून.

कातरवेळ

मग आधी भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. जुना कुर्ता चार वर्षांत आटायचा तेवढा आटून गेलाय. नव्याची मापं न आटलेल्या कापडाची आहेत. आज दुरुस्त कराल आणि पहिल्या धुण्यात पुन्हा तिथेच याल.

पानगळ

मी शिवते, घरगुतीच. एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. मास्तरांनी कापड हातात घेतलं तेव्हाच दोन्हींतला फरक त्यांच्या बोटांना कळला असणार. गिऱ्हाईक ‘असाच’ म्हणालं तरी ‘ताई, हे कापड ताणत नाही, घट्ट होईल’ एवढं सांगायला हवं होतं. ते त्यांचं काम आहे.

कातरवेळ

सांगायला हवं होतं, खरं आहे. पण त्यांनी ‘अंगावरचं माप घेऊ का’ विचारलं होतं. माझ्या मते तेच त्यांचं सांगणं होतं. गर्दीच्या वेळी यापेक्षा जास्त कोणी बोलत नाही.

पानगळ

विचारणं आणि सांगणं यात फरक आहे. कारण सांगितलं असतं तर त्या नाही म्हणाल्या नसत्या.

रानजाई

दोघींचंही पटतंय, काय करू! भिजवून, वाळवून मोजलं. लांबी त्रेचाळीस होती, सव्वाबेचाळीस झाली. जुन्याची बेचाळीस आहे, म्हणजे माझी ‘थोडी जास्त’ आता पाव इंच उरली. घेर पाव इंच कमी झालाय. आज कापडाचा तुकडा आणि दोन्ही कुर्ते घेऊन गेले होते.

मी: मास्तर, हा हात वर केला की ओढतो.
मास्तर: बघू. हात वर करा. आता पुढे. ताई, जुना होजिअरीचा होता.
मी: मग तेव्हा बोलला नाहीत?
मास्तर: माप घेऊ का विचारलं होतं मी.
मी: कशासाठी ते नाही सांगितलंत.
मास्तर: (थोडा वेळ गप्प) बगलेत तुकडा लावू?
मी: तीन इंचांचा. आणि बाजू खाली अर्धा इंच सोडा, बगलेत नको. लांबी किती मिळेल?
मास्तर: खाली दुमड सव्वा इंच आहे. ती उघडून आतून पट्टी लावली तर एक इंच देतो. गळ्याला काही करता येणार नाही.
मी: चालेल. अंगावरचं मापही घेऊन ठेवा.

वहीत घेतलं. छाती, पाठ, दंड, मुंढा आणि लांबी मानेच्या हाडापासून. ‘लूज किती?’ हे त्यांनी स्वतःहून विचारलं, मी तीन म्हणाले. शनिवारी ट्रायल आहे. पाठीच्या चुण्यांचं अजून कळत नाही, ते म्हणतात तुकड्याने थोड्या जातील. कातरवेळ, जातील का?

कातरवेळ

हात वर केल्यावरच्या जातील. पुढे केल्यावरच्या नाहीत. ट्रायलला आरशात बघत उभ्या राहू नका, खुर्चीत बसून दोन्ही हात टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंत न्या आणि मग मास्तरांना पाठ दाखवा. त्याआधी पक्की शिलाई मारू देऊ नका, तुकडा कच्च्या टाक्यांवरच असू द्या.

आजोबांचा_चष्मा

माझ्या पँटचं काही होईल का? बसलो की मागून खाली सरकते.

कातरवेळ

बसल्यावर सरकते, म्हणजे मागची बैठक उंचीला कमी पडते. नवीन धागा काढा, उंची आणि कमर लिहा. फोटो नको!