मदत हवी आहे: वॉर्डन मॅडमना पत्र कसं लिहू?

आमच्या मजल्यावर चौघींना बद्धकोष्ठतेचा त्रास आहे. मेसमध्ये रोज मैदा, भात, बटाटा. पिण्याचं पाणी फक्त तळमजल्यावर आणि रात्री तिथे कुलूप, त्यामुळे संध्याकाळनंतर मुली पाणीच टाळतात.

पत्रात मागितलंय: रोज एक उसळ किंवा पालेभाजी, सालासकट खाता येईल असं फळ, कोंडा न काढलेली कणीक आणि प्रत्येक मजल्यावर पाणी. दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात, पण एकदम वाढवले की पोट फुगतं, म्हणून बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करा, असंही लिहिलंय.

नावं न देता 'काही विद्यार्थिनी' लिहिलं तर चालेल का? मुलींना फार संकोच वाटतोय. डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी का?