पुढची चव, पुढचा स्वाद की पुढचा फ्लेवर?

पानगळ: बहिणीच्या आइस्क्रीम पार्लरच्या स्टोरीसाठी मी लिहून दिलं होतं, 'आमची पुढची चव सुचवा! कॉफी किंवा पिस्ता?' खाली दोन पर्यायांचा पोल. मतं पडली थोडीच, उलट मेसेजमध्ये भलतीसलती नावं आली. एकाने तर नुसतं 'हो' लिहिलं. मराठीत काही चुकलं का?

खडूफळा: चव काढून 'स्वाद' घाला. 'चव' फार घरगुती वाटतं.

जुना मुद्रितशोधक: अडचण तिथे नाही, क्रियापदात आहे. 'सुचवा' म्हटलं की माणूस आपल्या मनातलं सांगणार, त्याने तेच केलं. दोनच पर्याय द्यायचे असतील तर 'निवडा'. आणि 'किंवा' काढा. 'कॉफी किंवा पिस्ता आणू का?' याला 'हो' हे रीतसर उत्तर आहे, दोन्हींतलं काहीही चालेल असा त्याचा अर्थ. दोहोंतलं एक विचारताना आपण 'की' म्हणतो: 'कॉफी की पिस्ता?' त्या 'हो'वाल्याने तुमचं वाक्य नीट वाचलं, इतकंच.

टिवल्याबावल्या: 'तुमचा कौल द्या' कसं? आमच्या सोसायटीत रंग ठरवताना मी हेच लिहिलं होतं. बहुमत पिवळ्याला, कमिटीने लावला करडा. अजून ऐकून घेतेय.

जुना मुद्रितशोधक: शब्द चांगला आहे, पण वजनदार. देवाला कौल लावतात आणि देव कौल देतो, मग तो पाळावा लागतो. 'तुम्हीच ठरवा'चंही तेच. पिस्ता जिंकला आणि करता आला नाही, तर लोक शब्द धरणार. खात्री नसेल तर 'तुमचं मत कोणाला?' एवढंच विचारा.

पानगळ: पटलं. पण चव की फ्लेवर?

जुना मुद्रितशोधक: 'चव' हा मुळात गुण. 'याची चव कशी आहे?' असं आपण विचारतो. 'पुढची चव' वाचून मला आधी घास गिळल्यावर जिभेवर राहणारी चव आठवते. प्रकार म्हणायचा असेल तर लोक 'फ्लेवर' म्हणतात, तेच लिहावं.

खडूफळा: म्हणजे मराठी शब्द असताना इंग्रजी? 'नव्या चवीचं आइस्क्रीम' म्हटलं की गुण आणि प्रकार दोन्ही आले.

जुना मुद्रितशोधक: हे बरं आहे, मान्य. फक्त स्टोरीवर लांब होतं. बोटाने पुढे सरकवणारा माणूस तेवढा थांबत नाही.

पानगळ: मग असं टाकते: 'पुढच्या वेळी कोणतं आइस्क्रीम? कॉफी की पिस्ता? उद्यापर्यंत निवडा.' चव, फ्लेवर दोन्ही टळले.

खडूफळा: 'उद्यापर्यंत' नको. स्टोरी चोवीस तासच राहते, रात्री टाकलीत तर उद्या म्हणजे नेमकं कधीपर्यंत?

टिवल्याबावल्या: पिस्त्याला माझं मत. इथे चालतं का?