मदत हवी आहे: ना हरकत प्रमाणपत्रातील चासी क्रमांक आरसीशी जुळत नाही

नमस्कार. माझ्या दुचाकीचे कर्ज फिटल्यावर बँकेने ना हरकत प्रमाणपत्र आणि सही-शिक्क्यासह नमुना ३५ च्या दोन प्रती दिल्या. आरसीशी ताडून पाहता माझे नाव, नोंदणी क्रमांक आणि इंजिन क्रमांक बरोबर आढळले. मात्र चासी क्रमांकात आरसीवर जिथे इंग्रजी ‘बी’ हे अक्षर आहे, तिथे प्रमाणपत्रात ‘८’ छापला गेला आहे, जरी नमुना ३५ वर तो अचूक आहे. प्रमाणपत्रावर ९० दिवसांची मुदत लिहिली असून त्यांतले ४० दिवस संपले आहेत.

आरटीओत बोजा उतरवण्याचा अर्ज असाच केल्यास तो परत येईल, अशी मला काळजी वाटते. अशा वेळी शाखेचे दुरुस्तीपत्र जोडलेले चालते, की नवेच प्रमाणपत्र घ्यावे लागते? नवे घेतल्यास, तारीख बदलल्यामुळे नमुना ३५ वरही पुन्हा सही घ्यावी का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.