जुनी गाडी विकतोय, एजंटचा करारनामा एकदा बघाल का?

अंधेरीचा_मी: एमएच ०२ ची २०१४ ची वॅगनआर १,८५,००० ला ठरली. १,४०,००० खात्यात, ४५,००० रोख. करारात ‘पूर्ण रक्कम मिळाली’ एवढंच आहे. खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी आहे. एजंट म्हणतो, ‘गिऱ्हाईक पक्कं झालं की भरतो.’ शेवटी ‘ताबा दिल्यानंतरची जबाबदारी खरेदीदाराची’ असं आहे. सही करू का?

बोरिवली_लोकल: ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून घे, विषय संपला. मी तसंच केलं होतं.

जुना_गॅरेजवाला: विषय संपत नाही हो. नोटरीने तुमच्या दोघांतला व्यवहार पक्का होतो, आरटीओत नाव तुमचंच राहतं. उद्या अपघात झाला तर कोर्ट आरसीवर कोणाचं नाव आहे ते बघतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच सांगितलं. त्या प्रकरणात गाडी तीन-चार हातांतून गेली होती, तरी भरपाई पहिल्या मालकावर आली. तुमच्या त्या शेवटच्या कलमाचा उपयोग इतकाच की भरलेले पैसे तुम्ही नंतर खरेदीदाराकडून मागू शकता. पण मागणार कोणाकडे? नावाची जागाच कोरी!

नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून देऊ नका. एजंट त्यावर गाडी पुढे फिरवत राहतो. खरेदीदाराचं नाव-पत्ता भरा, आधारची प्रत घ्या आणि फॉर्म २९ तुम्ही स्वतः १४ दिवसांत आरटीओत द्या, पोच जपून ठेवा. नाव बदललं की नाही ते महिन्याभराने परिवहनच्या साइटवर बघा.

ठाणेकर_ताई: माझ्या गाडीवर बँकेचा बोजा आहे, तो कसा काढायचा?

जुना_गॅरेजवाला: ताई, त्याला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते. पण तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा.

बोरिवली_लोकल: बरं, मग माझीही गाडी अजून माझ्याच नावावर असेल की काय? बघतो. रोखीचं काय करायचं पण?

जुना_गॅरेजवाला: ‘पूर्ण रक्कम’ हा शब्द खोडा. १,४०,००० चा यूटीआर नंबर आणि तारीख लिहा. ४५,००० ची वेगळी पावती करा, दोघांच्या सह्या. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटर हवेतच. सकाळी अकराला चावी दिली आणि दुपारी तीनला ई-चलन आलं, तर त्या वेळेवरच भांडता येतं.

अंधेरीचा_मी: एजंटला सांगितलं. म्हणतो, आत्ताच नाव टाकायचं असेल तर ८,००० कमी देईन.

जुना_गॅरेजवाला: तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे का ते विचारा. असेल तर पोर्टलवर फॉर्म २९सी भरून गाडी त्याच्या ताब्यात नोंदवता येते, मग पुढचं त्याच्या माथी. नसेल तर ८,००० सोडा.

अंधेरीचा_मी: विचारलं. ‘बघून सांगतो’ म्हणाला. चावी अजून माझ्याच खिशात.